चौरस सूचीचे एकूण पृष्ठफळ: उतरती दिसणारी प्रत्येक रेघ तिरकस उंची नसते

स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्यांना सूत्र पाठ असतंच: एकूण पृष्ठफळ = a² + 2al. पायाचा चौरस a², आणि चार त्रिकोणांचं मिळून 4 × ½ × a × l, म्हणजे 2al. इथवर कुणीच अडत नाही. अडतं ते l पाशी, म्हणजे तिरकस उंचीपाशी, आणि तयारीच्या दिवसांत माझेही सगळ्यात जास्त गुण इथेच गेले. म्हणून या एकाच गोष्टीवर मी जरा लांबण लावणार आहे.

गणितात दिलेलं असतं: चौरस सूचीच्या पायाची बाजू 10 सेमी, बाजूची प्रत्येक कड 13 सेमी, एकूण पृष्ठफळ काढा. हात आपोआप 13 ला l च्या जागी बसवतो. 100 + 2 × 10 × 13 = 360. उत्तर सुबक आहे, पर्यायांतही बहुतेक वेळा असतंच. पण ते चूक आहे.

13 ही कड आहे, म्हणजे शिखरापासून पायाच्या कोपऱ्यापर्यंतची रेघ. तिरकस उंची शिखरापासून पायाच्या बाजूच्या मध्यबिंदूपर्यंत जाते. त्रिकोणाच्या क्षेत्रफळाला पायावर काटकोनात उभी असलेली उंची लागते आणि कड तशी उभी नसते, एवढंच खरं कारण आहे. कागदावर 10, 13, 13 बाजूंचा त्रिकोण कापा आणि 13 च्या दोन्ही बाजू एकमेकींवर येतील अशी मधोमध घडी घाला. पायाचे 5-5 सेमीचे दोन भाग होतात. घडीची रेघ मोजा, 12 भरेल, कारण 13² − 5² = 144. ती घडी म्हणजेच l. मग 100 + 2 × 10 × 12 = 340 चौसेमी.

आता पुढचा घोळ. कित्येक जण 13² − 5² करून आलेल्या 12 ला सूचीची लंब उंची h समजतात आणि तिच्यावरून पुन्हा l काढायला बसतात: √(144 + 25) = 13. फिरून तिथेच! सूचीत तीन वेगवेगळे काटकोन त्रिकोण आहेत. एक बाजूच्या पृष्ठावर पडलेला: a/2, l आणि कड. दुसरा सूचीच्या पोटात, पायाच्या मध्यापासून बाजूच्या मध्यापर्यंत: a/2, h आणि l. तिसराही पोटातच, पण मध्यापासून कोपऱ्यापर्यंत: अर्धा कर्ण, h आणि कड. आपल्या उदाहरणात h = √(144 − 25) = √119, साधारण 10.9. म्हणून क्रम कायम एकच राहतो: h सगळ्यात लहान, मग l, आणि कड सगळ्यात मोठी. उत्तर लिहिण्याआधी हा क्रम तपासायला पाच सेकंद पुरतात.

गफलत होण्याचं एक कारण आकृतीतच आहे, आणि ते फळ्यावर क्वचितच सांगितलं जातं. सूचीकडे अगदी समोरून पाहिलं तर साधा त्रिकोण दिसतो आणि त्याच्या दोन उतरत्या रेघा कडा वाटतात. पण त्या चित्रात त्यांची लांबी √(h² + (a/2)²) भरते, म्हणजे l इतकी! कड आपल्याकडे कललेली असल्यामुळे चित्रात आखूड होते. म्हणून नुसत्या समोरच्या आकृतीवर शिकवणाऱ्यांवर माझा भरवसा नाही. कोपरे दिसतील अशी आकृती काढा आणि कड व तिरकस उंची दोन रंगांत दाखवा. सूत्रांच्या तयार चिठ्ठ्यांनी तर माझं नुकसानच केलं. माझ्याकडच्या चिठ्ठीत l पुढे नुसतं ‘तिरकी बाजू’ छापलं होतं.

फरक किरकोळ वाटत असेल तर गिझाचा मोठा पिरॅमिड घ्या. पायाची बाजू सुमारे 230.3 मीटर, मूळ उंची सुमारे 146.6 मीटर. त्यावरून l साधारण 186.4 आणि कड साधारण 219.1 मीटर येते. l च्या जागी कड टाकली, तर चार उतारांचं क्षेत्रफळ सुमारे 15,000 चौरस मीटरनी फुगतं.

घाबरण्यासारखं काही नाही. प्रश्नात ‘कड’ किंवा ‘शिखरापासून कोपऱ्यापर्यंत’ दिसलं की (a/2)² वजा करायचं, ‘लंब उंची’ दिसली की मिळवायचं, थेट तिरकस उंची दिली असेल तर काहीच करायचं नाही. मात्र हे सगळं शिखर पायाच्या बरोबर मध्यावर असलेल्या सूचीपुरतंच. शिखर एका बाजूला सरकलं तर चार त्रिकोण सारखे राहत नाहीत, तेव्हा 2al वापरू नका, प्रत्येक पृष्ठ वेगळं काढा.

सरावाला आठही कडा 6 सेमी असलेली सूची घ्या. l = 3√3, एकूण पृष्ठफळ 36 + 36√3, साधारण 98.4 चौसेमी. तुमचं 108 आलं असेल, तर l च्या जागी 6 बसलाय.