पहिले रिव्ह्यू मिळवताना या चुका टाळा

अपवर्कसारख्या साइटवर नवं प्रोफाइल उघडलं की रिव्ह्यूची जागा रिकामी असते, आणि रिकाम्या प्रोफाइलला काम द्यायला क्लायंट बिचकतो. म्हणून सुरुवातीला छोटी, स्वस्त कामं घ्या असं सगळेच सांगतात. सल्ला योग्यच आहे. तरीही अनेकांची कामं होतात आणि रिव्ह्यू येत नाहीत. ते कुठे अडतं, हे एका कामावरून पाहू.

समजा, लंडनच्या एका संशोधकाने लालबागच्या एका निवृत्त गिरणी कामगाराची मराठी मुलाखत रेकॉर्ड केली आहे. ती ४० मिनिटांची आहे. शब्दन् शब्द टाइप करून हवी आहे आणि बजेट ४० डॉलर आहे. परळची एखादी मुलगी या कामासाठी प्रस्ताव पाठवते आहे.

दर पाडला, काम तेवढंच ठेवलं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. "मी नवीन आहे, ८ डॉलरमध्ये सगळं करून देते," असं ती लिहिते. स्वच्छ आवाजाच्या एका तासाच्या रेकॉर्डिंगला सरावलेल्या माणसालाही साधारण चार तास लागतात. इथे तर चाळीतली खोली, मागे पंखा, मध्येच बोलणारे घरचे. म्हणजे ४० मिनिटांना चार तास सहज जाणार. शेवटची पंधरा मिनिटं ती घाईत उरकणार आणि नेमक्या तिथल्या चुका रिव्ह्यूत लिहिल्या जाणार.

दराऐवजी काम छोटं करा. "पहिली १० मिनिटं ८ डॉलरमध्ये. बोलणाऱ्यांची नावं वेगळी, दर मिनिटाला वेळेची नोंद, एकदा दुरुस्ती. आवडलं तर उरलेलं पुढे बोलू." इथे मिनिटाचा दर थोडाच पडला, पण क्लायंटची जोखीम ४० डॉलरवरून ८ वर आली. नवख्या माणसावर तो एवढा विश्वास टाकू शकतो.

प्रस्तावात आणखी दोन ओळी घाला: "मी गिरणगावात वाढले. बदली कामगार, साचेखातं, खाणावळ हे शब्द मला कानाने ओळखता येतात." रिव्ह्यू नसताना हाच पुरावा. 'मेहनती आहे, वेळ पाळते' हे सगळेच लिहितात, त्यावर कुणी थांबत नाही.

रिव्ह्यू करार संपल्यावरच येतो

हे बऱ्याच जणांना उशिरा कळतं. अपवर्कवर एकाच करारात टप्पे पाडता येतात. पहिला टप्पा १० मिनिटं, दुसरा उरलेली ३०, अशी आखणी सोयीची वाटते. पण टप्प्याचे पैसे मिळाले म्हणून रिव्ह्यू मिळत नाही, तो सगळा करार बंद झाल्यावरच देता येतो. क्लायंट दुसऱ्या टप्प्यावर महिनाभर गप्प बसला, तर प्रोफाइल तेवढे दिवस रिकामंच. म्हणून पहिल्या १० मिनिटांचा करार वेगळा करून घ्या आणि उरलेल्या कामाला नवा करार मागा.

करार बंद झाल्यापासून दोघांनाही अभिप्रायासाठी १४ दिवस मिळतात. काम सादर केल्यावर क्लायंटने काहीच केलं नाही, तर १४ दिवसांनी पैसे आपोआप मोकळे होतात, मात्र करार उघडा राहू शकतो. त्यामुळे फाइल पाठवताना एवढं लिहा: "दुरुस्ती असेल तर कळवा. सगळं ठीक असेल तर करार बंद करावा आणि कामाबद्दल दोन ओळी लिहाव्यात, ही विनंती." पाच तारे मागू नका. रिव्ह्यूच्या बदल्यात फुकट काम किंवा सूट देणं तर नियमाविरुद्धच आहे, त्यात खातं जाऊ शकतं.

आणखी एक. टप्प्याची रक्कम साइटकडे जमा झालेली दिसेपर्यंत टायपिंग सुरू करू नका. 'आधी नमुना पाठवा, मग करार करू' म्हणणाऱ्याला जुन्या कामाचा एक परिच्छेद दाखवा, त्याच्या रेकॉर्डिंगचा नाही. पैसे साइटबाहेर देतो म्हणणाऱ्याला सरळ नाही म्हणा, तिथे रिव्ह्यू मिळतच नाही.

मुदत देताना वेळ कुठली ते लिहा. उन्हाळ्यात लंडन आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असतं, हिवाळ्यात साडेपाच. नुसतं 'उद्या संध्याकाळी ६' लिहिलं तर गोंधळ ठरलेलाच.

स्वस्तात फार दिवस राहणं

पूर्ण झालेल्या कामाची रक्कम प्रोफाइलवर दिसते. ८ डॉलरची दहा कामं रांगेने दिसली की अकरावा क्लायंट तोच आकडा धरून बोलतो. माझ्या मते तीन-चार चांगले रिव्ह्यू पुरे. तोवर प्रत्येक प्रस्तावात 'पहिली १० मिनिटं' असं स्पष्ट लिहिलेलं असावं आणि कराराच्या शीर्षकातही तेच यावं, म्हणजे पुढच्या माणसाला ८ डॉलर हा १० मिनिटांचा दर आहे हे वाचता येतं. चौथ्या रिव्ह्यूनंतर पूर्ण मुलाखतीचे ४० डॉलर सांगायला हरकत नाही.