वाँड्सची राणी, स्वॉर्ड्सचा राजा : जोडप्याची पानं वाचताना या चुका टाळा

टॅरोची ही दोन पानं शेजारी पडली की नवशिके हमखास म्हणतात, "बायको तापट, नवरा थंड, यांचं जमायचं नाही." मला हे ऐकून कंटाळा आलाय.

पहिली चूक : राणी म्हणजे बायको आणि राजा म्हणजे नवरा. बेळगावात टॅरो शिकत होतो तेव्हा ही मीही केलीय. खानापूरकडचं एक जोडपं आलं होतं. त्याचं किराणा दुकान, ती एका पतसंस्थेत हिशेब बघायची. तीन पानं मांडली : डावं त्याचं, उजवं तिचं, मधलं दोघांमधलं. डावीकडे वाँड्सची राणी, उजवीकडे स्वॉर्ड्सचा राजा, मध्ये पेंटॅकल्सचा छक्का. मी जागा बघितलीच नाही. राणी दिसली तसं तिलाच म्हटलं, "ताई, तुम्ही जरा रागावर ताबा ठेवा."

ती शांतपणे म्हणाली, "राग मला येतच नाही ओ. आवाज यांचा चढतो."

खरंच, सूर्यफूल हातात घेऊन सिंहांच्या आसनावर बसलेली ती राणी म्हणजे तोच होता : गल्ल्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याशी गप्पा मारणारा, कुणालाही नाही न म्हणणारा. आणि तलवार घेऊन समोर रोखून बघणारा राजा ती. मधल्या पानावर एका हातात तराजू धरून दुसऱ्या हाताने नाणी वाटणारा माणूस आहे. मग विचारलं, "उधारी किती?" दोघं एकमेकांकडे बघून गप्प बसले. भांडण स्वभावाचं नव्हतंच, उधारीच्या वहीचं होतं.

तेव्हापासून पत्ते पिसायच्या आधीच कुठली जागा कुणाची हे मी मोठ्याने सांगतो. त्यांनाही म्हणायला लावतो.

दुसरी चूक : दोघांना वैरी समजणं. वाँड्स म्हणजे अग्नी, स्वॉर्ड्स म्हणजे वायू. गोल्डन डॉन या जुन्या गूढविद्या मंडळाच्या परंपरेत ही तत्त्वं मित्र मानतात. वैर अग्नी आणि पाण्याचं, वायू आणि पृथ्वीचं. चुलीला फुंकर घातली की काय होतं, आठवा. तो तावातावाने बोलतो, ती एक धारदार वाक्य टाकते, की जाळ वाढलाच. म्हणून "पटत नाही" असं न म्हणता मी विचारतो, फुंकर कोण आणि कधी घालतं? त्या घरात ती रात्री जेवताना हिशेब काढायची, दिवसभर बोलून दमलेल्या माणसासमोर. मी फक्त वेळ बदलायला सांगितली : वही सकाळी, दुकान उघडायच्या आधी.

राणीच्या पायाशी काळं मांजर आहे, तेही बघत जा. हसतमुख माणसाचं न बोललेलं मी तिथे शोधतो. त्या दुकानदाराला उधारी बुडेल याची भीती होतीच, बायकोसमोर कबूल करायची नव्हती.

पान उलटं आलं म्हणून लगेच "वाईट माणूस" म्हणू नका.

आणि उत्तर आवडलं नाही म्हणून चौथं, पाचवं, सहावं पान ओढत बसू नका. घाई असेल तर चहा प्या, तीनच पानं परत बघा. मी तर उरलेली गड्डी रुमालात बांधूनच ठेवतो.