‘हे कशाबद्दल आहे?’ एवढंच विचारून आलेलं जुनं कात्रण: वाचताना आणि तारीख लावताना या चुका टाळा

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या घरांत जुन्या पेटीच्या तळाशी वर्तमानपत्राची कात्रणं हमखास सापडतात. नातू फोटो काढतो आणि खाली एकच ओळ लिहितो: ‘हे कशाबद्दल आहे?’ वर्तमानपत्राचं नाव, साल, कात्रण कुणी आणि का जपलं, यातलं काहीच कळवलेलं नसतं. अशा वेळी वाचणाऱ्याच्या चुका जवळजवळ ठरलेल्या असतात. त्या कळाव्यात म्हणून इथे एक नमुना कात्रण रचलं आहे. बातमी नमुन्यापुरती असली तरी भाषा, संक्षेप आणि खुणा त्या काळच्याच आहेत.

समजा, पुढच्या बाजूला एवढंच दिसतं:

बिडी, ता. १४ (आमच्या बातमीदाराकडून) – काल रविवारीं येथें पुण्याच्या पूरग्रस्तांसाठीं मदतफेरी काढण्यांत आली. श्रावण लागला असल्यानें भजनी मंडळीहि फेरींत सामील झाली. एकूण रु. १?५ जमा…

मथळ्यातला ‘बिडी’ हा शब्द तेवढा शाबूत आहे, बाकीचा फाटला आहे. पाठविणाऱ्याने नंतर सांगितलं, ‘आजोबा सीमालढ्यात होते, त्याचंच असेल.’

मथळा आणि घरची आठवण यांवरून उत्तर देणं

पहिली चूक इथेच होते. मथळ्यात ‘बिडी’ दिसली की निपाणीची तंबाखू आणि विडी कामगार डोळ्यांपुढे येतात. त्यात सीमालढ्याचा उल्लेख झाला की उत्तर तयार: विडी कामगारांचा मोर्चा, बहुधा सीमाप्रश्नावरचा. पण बिडी हे खानापूर तालुक्यातलं गाव आहे. बातमीच्या पहिल्या शब्दानंतर स्वल्पविराम आणि तारीख आली, की तो शब्द बातमी जिथून आली त्या गावाचं नाव असतो. घरची आठवण खोटी असते असं नाही, पण ती कात्रणाबाहेरची माहिती आहे. मजकूर पूर्ण उतरवून होईपर्यंत ती बाजूला ठेवा.

आणखी एक पाहा. घरच्यांनी नेमकी कोणती बातमी जपली होती? फोटोत मधोमध मोठी बातमी असते, आणि कात्री मात्र कडेच्या चार ओळींच्या निधनवार्तेभोवती जपून फिरलेली असते. ज्या बाजूचा रकाना कडांशी सरळ आणि अखंड कापला आहे, ती बहुधा हवी असलेली बाजू. ज्या बाजूच्या ओळी अर्ध्यात तुटल्या आहेत, ती पाठ.

एकाच बाजूच्या फोटोवर काम सुरू करणं

वाचायला बसण्याआधी पाठविणाऱ्याकडून मागची बाजू मागवा. तारीख लावायला पाठच जास्त कामाला येते. बातमी लिहिणारा साल लिहीत नाही, कारण त्याच्या वाचकाला ते ठाऊक असतं. पाठीवरच्या जाहिरातीत मात्र किंमत, पत्ता, राज्याचं नाव असं काहीतरी सापडतं.

स्कॅन रंगीत आणि ६०० डीपीआयचा हवा. काळा-पांढरा स्कॅन केला तर पिवळ्या कागदावरचा अस्पष्ट अनुस्वार उडतो आणि घडीवरचा डाग अक्षर होऊन बसतो. वर्तमानपत्राचा कागद पातळ असल्यामुळे मागची अक्षरं पुढे उमटतात. म्हणून कात्रणाच्या पाठीमागे काळा कागद ठेवून स्कॅन करायला सांगा, फरक लगेच दिसतो. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा, नाहीतर बारीक टाइप दाबला जाऊन मात्रा एकमेकींत मिसळतात. आणि कात्रण सपाट करायला कुणी इस्त्री फिरवू नये, की चिकटपट्टी लावू नये.

उतरवताना शुद्धलेखन ‘सुधारणं’

‘रविवारीं’, ‘येथें’, ‘काढण्यांत’ हे आपला हात नकळत ‘रविवारी’, ‘येथे’, ‘काढण्यात’ असं लिहून जातो. इथे पुरावाच पुसला जातो. न उच्चारले जाणारे अनुस्वार मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२च्या नियमांनी काढून टाकले. नियम आले म्हणून सगळ्या छापखान्यांनी दुसऱ्या दिवशी खिळे बदलले नाहीत. काहींनी आधीच सोडले होते, काहींनी बरंच पुढे चालू ठेवले. त्यामुळे अनुस्वारावरून साल ठरत नाही, कल तेवढा कळतो. पण तो कळायला अनुस्वार उताऱ्यात शिल्लक हवा. ओळ जिथे तुटते तिथेच तोडा. फाटलेला भाग तीन टिंबांनी दाखवा, अंदाजाने भरलेलं अक्षर चौकटी कंसात घाला, आणि अजिबात न लागणाऱ्या अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह ठेवा. ‘बेळगांव’वरचा अनुस्वारही तसाच राहू द्या.

खिळ्यांच्या छपाईत झिजलेल्या अक्षरांचे घोटाळे ठरलेले असतात: घ आणि ध, भ आणि म, थ आणि य, आणि आकड्यांत १ आणि ९. नमुन्यातली रक्कम ११५ की १९५, हे एका आकड्याकडे टक लावून ठरत नाही. त्याच कात्रणात दुसरीकडे नक्की वाचता येणारा १ शोधा (‘ता. १४’मधला चालेल) आणि दोन्ही शेजारी ठेवून पाहा. तरीही लागला नाही तर रक्कम ‘१?५’ अशीच राहू द्या.

संक्षेपही फसवतात. ‘ता. १४’मध्ये ‘ता.’ म्हणजे तारीख, ‘ता. खानापूर’मध्ये तालुका. नावाआधीचं ‘रा. रा.’ म्हणजे राजमान्य राजेश्री, नावानंतरचं एकटं ‘रा.’ म्हणजे राहणार. ‘मे.’ पेढीच्या नावाआधी आलं तर ते मेसर्स, मे महिना नव्हे.

बातमीतली तारीख हीच अंकाची तारीख समजणं

‘बिडी, ता. १४’ ही बातमीदाराने बातमी लिहिली त्या दिवसाची तारीख. ‘काल’ आणि ‘आज’ हे शब्द तिच्याशी बांधलेले असतात, अंकाच्या तारखेशी नव्हे. खेड्यातली बातमी टपालाने किंवा एस.टी.ने शहरात यायची, जुळवली जायची आणि मग छापली जायची. म्हणून अंक १५ तारखेचा किंवा त्यानंतरचा, आणि साप्ताहिक असेल तर आणखी पुढचा.

या ओळीतून पक्कं कळतं ते एवढंच, की कुठल्यातरी महिन्याची १३ तारीख रविवारी आली होती. हे कमी वाटतं, पण पुढे यावरच बरंच जुळतं.

एकाच खुणेवरून साल ठोकून देणं

नमुन्याच्या पाठीवर एका औषधाची अर्धी जाहिरात आहे: ‘किं. ७५ न. पै.’ आणि खाली ‘म्हैसूर राज्यां[त] सर्वत्र’. ‘न. पै.’ म्हणजे नये पैसे. दशमान नाणी १ एप्रिल १९५७ला आली आणि ‘नये’ हा शब्द १ जून १९६४पासून अधिकृतपणे गळला. हा झाला कात्रणाचा पट्टा. उलट जाहिरातीत ‘आणे’ दिसले म्हणून कात्रण १९५७च्या आधीचंच, असं म्हणता येत नाही. जुनी नाणी त्यानंतरही काही वर्षं चालत होती आणि भाव आण्यांतच सांगितले जायचे.

राज्याच्या नावांत सीमाभागातला वाचक जास्त चुकतो. बेळगाव जिल्हा १ नोव्हेंबर १९५६ला मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला, आणि म्हैसूरचं कर्नाटक झालं १ नोव्हेंबर १९७३ला. म्हणून ‘म्हैसूर राज्य, जि. बेळगांव’ असं एकत्र आलं तर या दोन तारखांमधला काळ धरावा. पण नुसतं ‘कर्नाटक’ दिसलं म्हणून १९७३नंतरचं, किंवा नुसतं ‘महाराष्ट्र’ दिसलं म्हणून १ मे १९६०नंतरचं मानू नका. राज्यं होण्याच्या कितीतरी आधीपासून ही प्रदेशांची नावं बातम्यांत आहेत. याहून नेमकी खूण चंदगड तालुक्याची: तो १९५६पर्यंत बेळगाव जिल्ह्यात होता, मग कोल्हापूर जिल्ह्यात गेला. ‘चंदगड, जि. बेळगांव’ असं छापलेलं दिसलं तर कात्रण बहुधा पुनर्रचनेच्या आधीचं. ‘बेळगाव’ की ‘बेळगावी’ यावरून मात्र मराठी कात्रणाचं काही ठरत नाही. सरकारी नाव २०१४ला बदललं तरी मराठीत बेळगावच लिहिलं जातं.

आता खुणा एकत्र ठेवू. नये पैशांच्या पट्ट्यात १३ तारखेला रविवार आलेले महिने फोनच्या कॅलेंडरात शोधले तर अकरा निघतात: ऑक्टोबर १९५७, एप्रिल आणि जुलै १९५८, सप्टेंबर आणि डिसेंबर १९५९, मार्च आणि नोव्हेंबर १९६०, ऑगस्ट १९६१, मे १९६२, जानेवारी आणि ऑक्टोबर १९६३. बातमीत ‘पुण्याचे पूरग्रस्त’ आहेत. पानशेतचं धरण १२ जुलै १९६१ला फुटलं. त्यानंतरचे महिने चारच उरतात, आणि त्यांत ‘श्रावण लागला’ हे फक्त ऑगस्टला लागू पडतं. ताळा म्हणून पंचांग पाहा: १९६१ची आषाढ अमावास्या ११ ऑगस्टला होती, म्हणजे रविवारी १३ तारखेला श्रावण नुकताच लागलेला. चलन, वार, घटना आणि तिथी या चारही खुणा एकमेकींवर अवलंबून नाहीत, आणि तरी एकाच जागी येतात. म्हणूनच ही तारीख धरता येते.

यातली एखादी खूण बसली नाही, तर ती ‘छपाईची चूक’ म्हणून सोडून देऊ नका. आधी स्वतःचं वाचन तपासा. बहुतेक वेळा १४चा १९ किंवा १५ झालेला असतो, आणि त्याबरोबर वाराचं सगळं गणित फिरतं.

उत्तरात वाचलेलं आणि ताडलेलं एकत्र कालवणं

पाठविणाऱ्याने विचारलं होतं ‘कशाबद्दल आहे’, तेव्हा उत्तराची पहिली ओळ तीच असू द्या. तारखेचा तर्क नंतर. साधारण असं:

‘ही बिडी (ता. खानापूर) गावातल्या मदतफेरीची बातमी आहे. पुण्याच्या पूरग्रस्तांसाठी रविवारी पैसे गोळा केले. रकमेतला मधला आकडा वाचता येत नाही. फेरी १३ ऑगस्ट १९६१ची, बातमी १४ची, अंक १५ ऑगस्टचा किंवा लगेच नंतरचा असावा. साल कात्रणावर छापलेलं नाही. नये पैसे, वार, पुण्याचा पूर आणि श्रावण यांवरून काढलं आहे. सीमालढ्याचा उल्लेख दिसणाऱ्या भागात नाही. आजोबांचं नावही नाही, पण खालचा भाग फाटला आहे.’

शेवटची दोन वाक्यं टाळू नका. घरच्यांना खरं तर तेच विचारायचं असतं, आणि फाटलेल्या भागात नाव असूही शकतं.

ते पाहायला अंकाची फाइल लागते. वृत्तपत्राचं नाव नसेल तर टाइप, रकान्याची रुंदी आणि ‘आमच्या बातमीदाराकडून’ छापायची पद्धत त्या काळच्या बेळगावच्या अंकांशी ताडून पाहा. एकाच नावाची दोन पत्रं असतात हेही ध्यानात ठेवा: ‘तरुण भारत’ बेळगावचा वेगळा आणि नागपूरचा वेगळा. वाचनालयात किंवा वृत्तपत्राच्या कचेरीत ‘१९६१ची फाइल दाखवा’ असं म्हणण्यापेक्षा १५ ते १८ ऑगस्टचे अंक मागा. स्वातंत्र्यदिनाच्या सुट्टीमुळे १६ तारखेचा अंक निघालाच नसेल, तर तो फाइलमधून हरवला असं समजू नका, पुढचा पाहा. पान सापडलं की आधी पाठीवरची औषधाची जाहिरात जुळते का ते बघा, मग बातमीचा फाटलेला भाग वाचा.