दुबार नोंदी काढल्यावर क्रमवारी का बदलली, हे वरिष्ठांना ईमेलमध्ये कसे समजावावे

सातारा शाखेची विक्री जुन्या अहवालात ३९.१० लाख होती, नव्यातही ३९.१० लाखच आहे. तरी सातारा चौथ्यावरून तिसऱ्या क्रमांकावर आला. दुबार नोंदी काढल्यानंतर वरिष्ठांना सगळ्यात जास्त खटकते ती हीच गोष्ट, आणि ईमेलमध्ये नेमकी तीच सांगायची राहून जाते. ज्यांच्या नोंदी दोनदा चढल्या होत्या त्यांचे आकडे घटले, एवढेच लिहिले जाते. पण क्रमांक दुसऱ्याच्या आकड्यावरही ठरतो. वरचा खाली घसरला की खालचा काहीही न करता वर चढतो.

समजा, शेतीपंप विकणाऱ्या एका कंपनीच्या सहा शाखा आहेत आणि एप्रिल ते जून या तिमाहीची क्रमवारी ८ जुलैला वरिष्ठांकडे गेली आहे. त्यात नाशिक पहिले होते. नंतर लक्षात आले की नाशिक आणि जळगावची काही बिले दोनदा चढली आहेत. ती काढल्यावर कोल्हापूर पहिले आले. आता हे लेखी कळवायचे आहे.

लिहिण्याआधी: काढलेली प्रत्येक ओळ दाखवता आली पाहिजे

एक्सेलमधले Remove Duplicates हे बटण इथे वापरू नका. ते ओळी काढून टाकते आणि किती काढल्या तो आकडा तेवढा दाखवते. कोणत्या काढल्या याची यादी उरत नाही. वरिष्ठांनी "नाशिकची कोणती बिले?" असे विचारले तर हातात काही नसते. शिवाय सगळे रकाने निवडून ते चालवले तर खऱ्या दुबार नोंदी सुटतात, कारण फाइल दुसऱ्यांदा चढवताना प्रणाली प्रत्येक ओळीला नवा नोंद क्रमांक देते. त्या एका रकान्यामुळे दोन ओळी वेगळ्या ठरतात.

उलट, फक्त बिल क्रमांक निवडला तर नुकसान मोठे. एका बिलावर पंप, पाइप आणि स्टार्टर अशा तीन वस्तू असतील, तर फाइलमध्ये त्याच बिल क्रमांकाच्या तीन ओळी असतात. पहिली राहते, बाकीच्या दोन खऱ्या असूनही जातात. म्हणून ओळख पटवायला शाखा, बिल क्रमांक आणि बिलावरचा ओळ क्रमांक हे तिन्ही एकत्र घ्यावेत. अहवालात दोन आर्थिक वर्षे येत असतील तर वर्षही जोडावे, कारण जीएसटीच्या नियमानुसार बिल क्रमांक एका आर्थिक वर्षापुरताच वेगळा असावा लागतो आणि १ एप्रिलला पुष्कळ ठिकाणी मालिका पुन्हा पहिल्यापासून सुरू होते.

फाइलमध्ये A मध्ये शाखा, B मध्ये बिल क्रमांक, C मध्ये ओळ क्रमांक आणि F मध्ये रक्कम असेल, तर H, I आणि J या रिकाम्या रकान्यांत अनुक्रमे ही सूत्रे टाका आणि खालपर्यंत ओढा:

```
=A2&"|"&SUBSTITUTE(TRIM(B2),"-","/")&"|"&C2
=COUNTIF($H$2:H2,H2)
=IF(I2=1,"ठेवा",IF(COUNTIFS($H$2:H2,H2,$F$2:F2,F2)>1,"काढा","तपासा"))
```

पहिले सूत्र तिन्ही गोष्टी जोडून एक खूण तयार करते. बिल क्रमांकाच्या मागेपुढे राहिलेली मोकळी जागा ते काढते आणि NSK-231 व NSK/231 यांना एकच धरते. दुसरे ती खूण कितव्यांदा आली ते मोजते. तिसरे सूत्र महत्त्वाचे आहे. खूण आणि रक्कम दोन्ही आधीच येऊन गेली असतील तरच ते "काढा" म्हणते. खूण तीच पण रक्कम वेगळी असेल तर ती दुबार नोंद नसून दुरुस्त केलेले बिल असू शकते, म्हणून "तपासा". अशा ओळी शाखेकडून खात्री होईपर्यंत काढू नयेत.

काढायच्या ओळी कुठे पडल्या आहेत तेही पाहा. फाइल दोनदा चढल्याने झालेल्या दुबार नोंदी झुपक्याने येतात: एक शाखा, एक तारीख. "काढा" असे लिहिलेल्या ओळी सगळ्या शाखांत, सगळ्या तारखांना थोड्याथोड्या विखुरलेल्या दिसल्या तर बहुधा तुमची खूणच चुकली आहे आणि खरी विक्री कापली जात आहे. तिथे थांबा, ईमेल लिहू नका.

तीन आकड्यांचा मेळ

जुनी बेरीज वजा काढलेली रक्कम बरोबर नवी बेरीज, हा मेळ रुपयापर्यंत बसला पाहिजे. काढलेली रक्कम अशी मिळते:

```
=SUMIFS(F:F,J:J,"काढा")
```

आपल्या उदाहरणात जुनी बेरीज २५५.०५ लाख, काढलेली रक्कम ७.९५ लाख आणि नवी बेरीज २४७.१० लाख. ओळींचाही मेळ हवा: १,८४२ वजा ३१ म्हणजे १,८११. मेळ बसला नाही तर मधल्या काळात आणखी काहीतरी बदलले आहे. बहुतेकदा उशिरा आलेले बिल किंवा परत आलेला माल. तो बदल वेगळा काढून वेगळा सांगावा लागतो. दोन कारणे एका आकड्यात मिसळली की वरिष्ठांचा दोन्हींवरचा विश्वास जातो.

ईमेल

विषयाच्या ओळीतच निकाल सांगा. "सुधारित अहवाल" एवढाच विषय असेल तर तो ईमेल संध्याकाळपर्यंत उघडला जात नाही, आणि तोवर जुनी क्रमवारी बैठकीत दाखवून झालेली असते.

> विषय: एप्रिल–जून शाखा क्रमवारी: नाशिकऐवजी कोल्हापूर पहिले (८ जुलैचा अहवाल वापरू नये)
>
> नमस्कार मॅडम,
>
> ८ जुलैला पाठवलेल्या क्रमवारीत नाशिक आणि जळगावची काही बिले दोनदा मोजली गेली होती. ती काढल्यावर पहिल्या चार क्रमांकांत बदल झाला आहे. सांगली आणि लातूर आहेत तिथेच आहेत.
>
> | शाखा | आधी (लाख) | काढले | आता (लाख) | क्रमांक |
> |---|---|---|---|---|
> | कोल्हापूर | ४८.२० | – | ४८.२० | २ → १ |
> | नाशिक | ५१.६० | ४.९० | ४६.७० | १ → २ |
> | सातारा | ३९.१० | – | ३९.१० | ४ → ३ |
> | जळगाव | ४१.७५ | ३.०५ | ३८.७० | ३ → ४ |
> | सांगली | ३८.०० | – | ३८.०० | ५ |
> | लातूर | ३६.४० | – | ३६.४० | ६ |
>
> कोल्हापूर आणि साताऱ्याच्या विक्रीत काहीही बदल नाही. त्यांच्या वरची शाखा खाली आल्यामुळे त्या एकेक क्रमांक वर गेल्या आहेत.
>
> कारण: नाशिकची २७ जूनची आणि जळगावची ३० जूनची फाइल प्रणालीत दोनदा चढली होती. दुसऱ्या वेळी प्रत्येक ओळीला नवा नोंद क्रमांक मिळाल्यामुळे अहवालात त्या वेगळ्या विक्री म्हणून धरल्या गेल्या. अहवाल पाठवण्यापूर्वी मी बिल क्रमांकावरून तपासणी केली नव्हती. एकूण ३१ ओळी काढल्या (नाशिक १९, जळगाव १२). त्यांची यादी बिल क्रमांकांसह सोबत जोडली आहे.
>
> जळगावच्या आणखी २ ओळींत बिल आणि ओळ क्रमांक तोच आहे, पण रक्कम वेगळी आहे. त्या मी ठेवल्या आहेत आणि शाखेला विचारले आहे. दोन्ही मिळून १८,००० रुपये होतात. त्या काढाव्या लागल्या तरी क्रम बदलणार नाही.
>
> सातारा आणि जळगावमध्ये फक्त ४०,००० रुपयांचा फरक आहे. जळगावच्या काढलेल्या ओळींपैकी त्याहून मोठ्या रकमेचे एखादे बिल खरे निघाले तर तिसरा आणि चौथा क्रमांक पुन्हा उलटतील. पहिल्या दोघांत १.५० लाखांचे अंतर आहे.
>
> आपल्याकडून एक निर्णय हवा आहे: शाखांना सुधारित क्रमवारी आजच कळवायची, की जळगावचे उत्तर आल्यावर? यापुढे अहवाल काढण्यापूर्वी ही तपासणी दर वेळी करेन.

असेच का लिहायचे

तक्त्यात सगळ्या शाखा ठेवल्या आहेत. नुसत्या नाशिक आणि जळगावच्या ओळी दाखवल्या असत्या तर साताऱ्याच्या चढण्याचे कारण दिसलेच नसते. आधीचा आणि आताचा क्रमांक एकाच ओळीत आहे, त्यामुळे दोन फाइली शेजारी ठेवून बघायची गरज उरत नाही. आधीचे आणि आताचे क्रमांक एकाच पद्धतीने काढलेले असावेत, हेही बघा. दोन शाखांची विक्री समान आली तर एक्सेलचे RANK.EQ दोघींना समजा २ देते आणि पुढचीला थेट ४. एका अहवालात हे आणि दुसऱ्यात हाताने लावलेले क्रमांक असतील, तर नसलेला बदल दिसू लागतो.

"डेटा क्लीनिंगमुळे फरक पडला" हे वाक्य टाळावे. त्यातून काय झाले ते कळत नाही आणि कोणाला तरी खाली आणण्यासाठी आकडे हलवले, असा संशय घ्यायला जागा राहते. "नाशिक शाखेच्या चुकीमुळे" हेही लिहू नये. फाइल चढवताना नेटवर्क तुटले आणि पोचली की नाही हे कळले नाही, तर शाखा ती पुन्हा चढवणारच. तोच बिल क्रमांक दुसऱ्यांदा आल्यावर प्रणालीने अडवायला हवे होते. आपल्याकडून राहिलेली तपासणी मात्र एका वाक्यात स्वच्छ सांगावी.

अंतराचा परिच्छेद बरेच जण गाळतात. पण बक्षीस किंवा प्रोत्साहन रक्कम पहिल्या तिघांना जाणार असेल तर वरिष्ठांच्या दृष्टीने तोच सगळ्यात कामाचा, कारण ४०,००० रुपयांच्या अंतरावर उभा असलेला तिसरा क्रमांक जळगावचे व्यवस्थापक नक्की तपासायला मागतील.

दुबार या शब्दाचा आणखी एक अर्थ कामात येतो, तो मिसळू देऊ नका. एकाच विक्रेत्याचे नाव दोन तऱ्हेने लिहिलेले असेल आणि ती दोन खाती एकत्र केली, तर त्याचा आकडा वाढतो आणि तो वर चढतो. एकूण बेरीज मात्र तशीच राहते. नोंदी काढल्या की बेरीज घटते. दोन्ही कामे एकाच वेळी केली असतील तर ईमेलमध्ये दोन वेगळे तक्ते द्या.

८ जुलैची फाइल पुसू नका आणि तिच्यावरच नवे आकडे लिहू नका. नव्या फाइलच्या नावात तिची तारीख, समजा १४ जुलै, घाला आणि जुनीच्या पहिल्या पानावर "रद्द, १४ जुलैचा अहवाल पाहावा" असे लिहून ठेवा. जुना अहवाल ज्यांना गेला होता त्या प्रत्येकाला नवा ईमेल गेला पाहिजे. ती यादी पाठवलेल्या जुन्या ईमेलमधूनच घ्या, आठवून लिहू नका.