गरम पाण्याची लाइन : पाइपवरचा आकडा वाचताना या चुका टाळा

गरम पाण्यासाठी वापरतात त्या सीपीव्हीसी या प्लॅस्टिकच्या पाइपवर छापलेला दाबाचा मोठा आकडा थंड पाण्यासाठी असतो. एसडीआर म्हणजे पाइपचा बाहेरचा व्यास भिंतीच्या जाडीच्या किती पट आहे तो आकडा; तो जितका लहान, तितकी पाइपची भिंत जाड. एसडीआर ११ चा पाइप २३ अंश सेल्सिअसला २८ किलो दाब पेलतो, पण ८२ अंशांना तोच पाइप जेमतेम ७ किलोचा उरतो. एसडीआर १३.५ चा २२.५ किलोवरून ५.६ वर येतो. म्हणजे पाइप नवा, भिंत तेवढीच जाड, तरी ताकद चौथा हिस्सा. (इथे किलो म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला किलो, आपले नळवाले बोलतात तसं.)

प्लॅस्टिकमधल्या लांब साखळ्या तापल्या की एकमेकींवरून सहज सरकू लागतात. सतत दाब असला की भिंत फार हळू ताणली जाते. त्यामुळे चुकीचा पाइप गरम पाणी सोडल्या दिवशी फुटत नाही. तो महिनोन् महिने, कधी काही वर्षं चालतो आणि मग फुगतो. इंदूरमधल्या बऱ्याच इमारतींत ‘इतकी वर्षं काही झालं नाही’ हे कारण पुढे केलं जातं, ते याचमुळे फसवं आहे.

एक हिशेब करून पाहू. समजा, लोकमान्य नगरात चार मजली इमारत आहे. गच्चीवर सोलर हीटर आणि त्याच्या गरम लाइनवर प्रेशर पंप. सगळे नळ बंद असताना पंप ३.५ किलो दाब देतो. तळमजल्याचा नळ गच्चीपेक्षा १४ मीटर खाली आहे, त्या उंचीचे साधारण १.४ किलो आणखी. तळाशी ४.९ किलो झाले.

पाणी ६० अंशांवर असेल तर एसडीआर १३.५ ची ताकद निम्मी, म्हणजे ११ किलोच्या आसपास उरते. काळजी नाही. पण मे महिन्यात घरातले आठवडाभर गावाला गेले, पाणी वापरलंच नाही, तर सोलरच्या टाकीतलं पाणी ८० च्या पुढे जाऊ शकतं. तेव्हा ताकद ५.६ आणि दाब ४.९. हातात फक्त ०.७ किलो. दांडीचा नळ झटकन बंद केला की बसणारा पाण्याचा धक्का तेवढं सहज खाऊन टाकतो. इथे एसडीआर ११ हवा. तो घातला तर २.१ किलो शिल्लक राहतात. म्हणून हिशेब रोजच्या तापमानाचा करू नका, वर्षातल्या सगळ्यात तापलेल्या दिवसाचा करा.

आणि याच जागी कोणी स्वस्त म्हणून साधा १० किलोचा यूपीव्हीसी पाइप जोडला तर? ६० अंशांना तो सव्वादोन किलोच्या खाली येतो, दाबाच्या निम्म्यालाही पुरत नाही. मुळात भारतीय मानकानुसार तो ४५ अंशांपुढे वापरायचाच नसतो. गरम लाइनवर यूपीव्हीसीचा एक तुकडासुद्धा मला मान्य नाही, सॉकेट असो की एल्बो. सगळ्यात कच्चा जोड जेवढा पेलेल, तेवढीच सगळ्या लाइनची ताकद.

दुसरी नेहमीची चूक चाचणीची. थंड पाणी भरून हातपंपाने १० किलो दाब देतात, गळत नाही पाहून भिंत बुजवतात. ती चाचणी जोड पक्के चिकटलेत एवढंच सांगते. तापलेला पाइप टिकेल की नाही, ते तिच्यातून कळत नाही. त्यासाठी पाइपवरची छपाई आणि उत्पादकाचा तापमानाचा तक्ताच पाहावा लागतो.

बिघाड आधी दिसतो. गरम लाइन दोन क्लॅम्पच्या मध्ये झोळ घेते, थंड लाइन तशीच सरळ राहते. एखादा भाग बोटांना किंचित फुगीर लागतो. शेवटी लांबीच्या दिशेने चीर पडते आणि तिच्या कडा बाहेर फुगलेल्या असतात. असं दिसलं तर फक्त तुकडा बदलू नका. तळमजल्याला दाबमापक लावा, दुपारी उशिरा गरम पाण्याचं तापमान मोजा, आणि दोन्ही आकडे तक्त्याशी ताडून पाहा. दाब जास्त निघाला तर आधी पंपाचा दाब कमी करा किंवा दाब कमी करणारा व्हॉल्व्ह बसवा. तेवढ्यानेही भागत नसेल, तर जाड भिंतीचा पाइप टाकण्याला पर्याय नाही.

थंड लाइनलाही हे लागू आहे. यूपीव्हीसीचा आकडा २७ अंशांसाठी असतो. इंदूरच्या गच्चीवर मेच्या दुपारी उघड्या पाइपात अडकलेलं पाणी ४३ अंशांवर गेलं, की ताकद निम्म्याच्या आसपास येते. टाकीतून नुसत्या उताराने येणाऱ्या पाण्याला तेवढी पुरते. पण हौदातून पंपाने वर चढणारी लाइन उन्हात असेल, तर तिला पांढरा रंग द्या किंवा ती झाकून घ्या.