कपाचे ग्रॅम करताना मैदा का फसवतो : या चुका टाळा

दिवाळीच्या तोंडावर घरी मळलेल्या नानकटाईचा गोळा वळताना फुटू लागला, भाजल्यावर ती कोरडी व भुसभुशीत झाली, की आपण तुपाला नाहीतर भट्टीला दोष देतो. पुष्कळदा खरा दोष मैद्याच्या कपात असतो. कृतीत ‘दोन कप मैदा’ एवढेच लिहिलेले असते आणि तो कप कसा भरायचा, याबद्दल अवाक्षरही नसते.

मैद्याचे कण अतिशय बारीक असतात आणि त्यांच्यामध्ये हवा अडकून राहते. ही हवा किती, हे मैदा चाळलेला आहे की डब्यात बसलेला, यावर अवलंबून असते. डबा हलवला, आपटला किंवा बरेच दिवस तसाच ठेवला, की कण एकमेकांजवळ येतात आणि तेवढ्याच जागेत जास्त मैदा मावतो. कपच डब्यात खुपसून मैदा काढला, तर कपाच्या कडेने तो आणखी दाबला जातो. गिरणीतून नुकत्याच आणलेल्या कणकेचेही तसेच आहे. ताजी कणीक फुललेली असते आणि चार दिवसांनी डब्यात खाली बसते.

२४० मिलिलिटरच्या कपात मैदा चमच्याने हलकेच भरून वरून सुरीच्या पाठीने सपाट केला, तर तो साधारण १२० ते १२५ ग्रॅम भरतो. तोच कप डब्यात खुपसून भरला, तर १४० ते १५० ग्रॅम होतो आणि वरून बोटाने दाबला, तर त्याहूनही अधिक. कप तोच, मैदा तोच, केवळ हात बदलला.

आता नानकटाईचा हिशोब पाहू. समजा, कृतीचे मूळ प्रमाण २५० ग्रॅम मैदा, १२० ग्रॅम पिठीसाखर आणि १६० ग्रॅम तूप असे आहे, आणि ते दोन कप, एक कप व पाऊण कप असे लिहिले आहे. कप डब्यात खुपसून घेतल्यामुळे मैदा ३०० ग्रॅम आला, तर त्याच प्रमाणात तूप १९२ ग्रॅम आणि पिठीसाखर १४४ ग्रॅम लागेल. म्हणजे तूप ३२ ग्रॅम आणि साखर २४ ग्रॅम कमी पडली. गोळा मुठीत दाबल्यावर एकत्र येतो, पण अंगठ्याने दाबताच कडेने तडे जातात, ही त्याची खूण. अशा वेळी बरेच जण दुधाचा हात लावतात. ती दुसरी चूक होय, कारण दुधातील पाण्याने मैदा चिवट होतो आणि नानकटाईचा खुसखुशीतपणा जातो. त्याऐवजी मऊ तूप एकेक छोटा चमचा घालून, तडे थांबेपर्यंत हलक्या हाताने मिसळावे.

‘एक कप चाळलेला मैदा’ आणि ‘एक कप मैदा, चाळून’ हे दोन वेगळे निर्देश आहेत. पहिल्यात आधी चाळून मग मोजायचे, दुसऱ्यात मोजून मग चाळायचे. आधी चाळलेला मैदा कपात आणखी हलका बसतो, त्यामुळे ही अदलाबदल केल्यास वजनात सहज फरक पडतो.

तिसरी गडबड खुद्द कपाची. भांडी बाजारातून आणलेल्या संचातील कप २४० मिलिलिटरचा असेल किंवा २५० चाही, आणि स्वयंपाकघरातील वाटी तर कोणत्याच मापाची नसते. डिजिटल काट्यावर रिकामा कप ठेवून आकडा शून्यावर आणावा आणि कप पाण्याने काठोकाठ भरावा. जितके ग्रॅम, जवळपास तितके मिलिलिटर. मग आपल्या नेहमीच्या पद्धतीने तीनदा मैदा भरून तोलावा. तीन आकड्यांत दहा-पंधरा ग्रॅमचे अंतर पडले, तर सरासरी काढण्यापेक्षा मैदा यापुढे तोलूनच घेणे बरे.

साखरेच्या बाबतीत एवढा त्रास नाही. दाणेदार साखरेचे दाणे कडक असल्याने ती फारशी दबत नाही, म्हणून २४० मिलिलिटरच्या सपाट कपात जवळपास २०० ग्रॅम धरावेत. पिठीसाखर मात्र मैद्याच्याच पंथातील; ती साधारण १२० ग्रॅम भरते आणि ओलसर हवेत तिच्या गुठळ्या होतात. दोघींसाठी एकच आकडा वापरला, तर पदार्थ एक तर अगोड होईल किंवा गोडमिट्ट.

कोरडा कच्चा तांदूळ एका कपात १८५ ते २०० ग्रॅम बसतो. इगतपुरी-घोटीकडचा इंद्रायणी असो वा लांब बासमती, दाण्याच्या आकारानुसार आकडा थोडा हलतो. विजेच्या राइस कुकरसोबत मिळणारे माप मात्र बहुधा १८० मिलिलिटरचे असते आणि त्यात साधारण १५० ग्रॅमच तांदूळ मावतो. कृतीतला कप समजून ते वापरले, तर भात सरळ पाऊणपट होतो. रोजच्या भातासाठी मात्र काटा काढण्याची गरज नाही. तांदूळ ज्या वाटीने घेतला त्याच वाटीने पाणी मोजले, तर वाटी कितीही मिलिलिटरची असली तरी प्रमाण जुळते.