जहाजावरचा 'सेकंड इंजिनिअर' किनाऱ्यावर कनिष्ठ वाटू नये म्हणून

किनाऱ्यावरची नोकरी शोधताना बायोडेटात नुसतं 'सेकंड इंजिनिअर' लिहिलं की एचआरवाल्याला तो दुय्यम हुद्दा वाटतो. इंजिनरूमची रोजची देखभाल हाच माणूस चालवतो, हे त्याला कुठून कळणार? म्हणून बायोडेटाच्या सुरुवातीचा सारांश असा बदला:

१. हुद्दा तोच ठेवा, पुढे काम सांगा: 'सेकंड इंजिनिअर, इंजिनरूमच्या देखभालीचा प्रमुख, ८ जणांची टीम, चीफ इंजिनिअरच्या हाताखाली.'

२. जहाजांची यादी शेवटी टाका. सगळे करार एकाच शीर्षकाखाली घ्या आणि 'करार पद्धतीवर, मधे ठरलेली रजा' असं स्पष्ट लिहा. नाहीतर प्रत्येक सुट्टी नोकरीतला खंड दिसते. (मला मुलाखतीत हेच तीनदा विचारलं गेलं!)

३. 'एन्क्लोज्ड स्पेस एंट्री'ला कारखान्यात 'कन्फाइन्ड स्पेस' म्हणतात, तोच शब्द वापरा. 'सेफ्टीची कामं केली' याऐवजी लिहा: 'टाकीत माणूस उतरण्याआधी ऑक्सिजन व विषारी वायूंची तपासणी, परमिट, दाराशी पहारेकरी.'

मात्र हुद्द्याच्या जागी थेट 'मेंटेनन्स मॅनेजर' लिहू नका. पडताळणीत सीडीसी या जहाजी सेवापुस्तिकेतल्या नोंदीशी ते जुळत नाही.